सकाळच्या फुलांना वेगळी जागा द्या : गल्लीच्या ग्रुपच्या ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
ॲडमिन काका आणि ॲडमिन ताई,
आपल्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप, सांगली

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधी सांगतो. शुभ सकाळ, सुप्रभात, आजचा सुविचार, वाराप्रमाणे देवाचा फोटो अशी रोज फॉरवर्ड होऊन येणारी चित्रे या ग्रुपवर थांबवावीत, आणि हे पावसाळा तोंडावर येण्याआधी व्हावे. चित्रे पाठवणारी सगळी आपलीच माणसे आहेत. बरीचशी वयाने मोठी आहेत आणि मायेने पाठवतात. त्यांना ओशाळे वाटेल असे एकही वाक्य ग्रुपवर जाऊ नये असे आम्हाला वाटते. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत. बंद काय करायचे एवढेच सांगून भागणार नाही, त्याच्या जागी काय द्यायचे तेही पुढे लिहिले आहे.

नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर अशी चित्रे आली तर फारसे बिघडत नाही. आपला ग्रुप मात्र नदीकाठच्या गल्लीचा आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 45 फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेले होते. पण पुलावरचा आकडा रेडिओवर, टीव्हीवर, महापालिकेच्या सूचनेत कुठेही कळतो. पाणी आत्ता कुठल्या कोपऱ्याला आले, कोणत्या बोळातून अजून दुचाकी निघते, कुठल्या डीपीचा पुरवठा महावितरणने बंद केला, हे सरकारी सूचनेत येत नाही. ते दारात उभ्या असलेल्या माणसालाच दिसते, आणि ते सांगायला आपल्याकडे हा एकच ग्रुप आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या बाजूंना तर इशारा पातळीच्या आधीच सामान वर चढवायची वेळ येते. तिथे तासाभराचा उशीरही महागात पडतो.

आता पावसाळ्यातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणू. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी रात्री आली आहे. सकाळी सहा चाळीसला गल्लीच्या खालच्या टोकाला राहणारा एक मेंबर लिहितो, ‘ओढ्यातून पाणी मागे फिरायला लागलंय. खालच्या चार घरांनी गाड्या वर आणून लावा.’ एवढाच दोन ओळींचा मेसेज. साडेपाच ते नऊ या वेळात ग्रुपवर समजा 45 चित्रे येतात. साध्या मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी दोनच चित्रे मावतात, म्हणजे सगळे पाहायचे तर बावीस-तेवीस वेळा बोट फिरवावे लागणार, आणि तो मेसेज त्यात मध्येच कुठेतरी सापडणार. आणि इतके बोट कोणी फिरवत नाही. ग्रुप उघडला की व्हॉट्सॲप न वाचलेल्या पहिल्या मेसेजपाशी नेऊन ठेवते. तिथे एकाखाली एक फुले दिसली की माणूस उजवीकडच्या कोपऱ्यातला खाली जाण्याचा बाण दाबतो आणि थेट तळाशी पोहोचतो. मधले सगळे न पाहताच वाचलेले ठरते. मेसेज पाठवणाऱ्याला मात्र Message info मध्ये त्याचे नाव वाचलेल्यांच्या यादीत दिसते आणि निरोप पोहोचला असे वाटते. गाडी पाण्यात जाते ती इथे.

याहून वाईट गोष्ट म्युटची. नोटिफिकेशनमध्ये चित्र आले की नाव आणि ‘Photo’ एवढेच दिसते. आत गुलाब आहे की रस्त्यावरच्या पाण्याचा फोटो, हे उघडल्याशिवाय कळत नाही. चार दिवस सकाळी साडेपाचला फोन वाजला की माणूस ग्रुप ‘Always’ म्युट करून टाकतो, आणि मग खरा निरोपही आवाज न करता येतो. कितीजणांनी म्युट केले आहे, हे ॲडमिनलाही दिसत नाही. त्यामुळे ग्रुप भरलेला दिसतो आणि ऐकणारे थोडेच उरलेले असतात. चित्रे थांबवण्याचे आमच्या लेखी सगळ्यात मोठे कारण हेच आहे, जागेचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

तरी जागेचाही हिशोब मांडून दाखवतो. एक फॉरवर्ड चित्र सरासरी 150 केबीचे धरले तर 45 चित्रांचे दिवसाला पावणेसात एमबी होतात, म्हणजे महिन्याला 200 एमबी. त्यात रोज तीन-चार एमबीचे तीन छोटे व्हिडिओ धरा, दिवे ओवाळणारे आणि पाकळ्या पडणारे. तेही महिन्याला 300 एमबीच्या आसपास जातात. दोन्ही मिळून वर्षाला सहा जीबी, आणि हा झाला एकाच ग्रुपचा हिशोब. घरातल्या मोठ्या माणसांच्या हातात बहुतेक वेळा मुलांनी वापरून दिलेला 32 जीबीचा फोन असतो. त्यातली निम्मी जागा फोनच्या स्वतःच्या सिस्टीमने आणि ॲपनी आधीच घेतलेली असते. मग फोन अडखळतो, ॲप अपडेट होत नाहीत, कॅमेरा फोटो काढायला नकार देतो, आणि ‘फोन खराब झाला’ म्हणून तो दुकानात येतो. भारतातल्या लाखो फोनची जागा शुभ सकाळच्या चित्रांनी भरते हे गुगलच्या लोकांच्याही लक्षात आले होते. 2017 च्या डिसेंबरात आलेल्या त्यांच्या Files Go या ॲपमध्ये, ज्याचे नाव आता Files by Google आहे, अशी चित्रे शोधून पुसण्याची सोय होती.

बॅकअपची बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी गुगलच्या मोफत जागेत मोजला जात नसे. 2024 पासून तो त्याच 15 जीबीत धरला जातो, ज्यात जीमेल आणि गुगल फोटोही येतात. बॅकअपमधून व्हिडिओ वगळता येतात, फोटो वगळण्याची सोय तिथे नाही. म्हणजे रोजची फुले रात्री दोनच्या सुमारास बॅकअपमध्ये जाऊन बसतात. 15 जीबी भरले की बॅकअप थांबतो आणि जीमेलवर येणारी पत्रेही अडतात. ज्यांची बँकेची, विम्याची, मुलाच्या कॉलेजची पत्रे त्याच खात्यावर येतात त्यांना हे फार उशिरा कळते.

आपल्या भागात एक नुकसान आणखी होते. पूर ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेले धान्य, बंद पडलेली मोटर यांचे फोटो लागतात. पुष्कळ घरी हे फोटो शेजाऱ्याने काढून ग्रुपवर टाकलेले असतात, आणि मग ते हजारो गुलाबांच्या मधून शोधावे लागतात. त्यांना नावही तसेच असते, IMG, मग तारीख, मग WA आणि क्रमांक. नावावरून फूल कोणते आणि पडलेली भिंत कोणती हे ओळखता येत नाही. जागा भरली म्हणून कोणी सगळी चित्रे एकदम निवडून पुसली की हे फोटोही त्यांच्याबरोबर जातात. कामाचे फोटो दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय ‘Select all’ दाबू नये, हे प्रत्येक घरात सांगायला हवे.

‘ज्याला नको त्याने आपल्या फोनवर बंद करावे’ असे काहीजण म्हणतील. त्यात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. Settings, मग Storage and data, मग Media auto-download इथे जाऊन फोटो आपोआप उतरणे बंद करता येते. पण ते सगळ्या चॅटसाठी एकदमच बंद होते, एकट्या ग्रुपपुरते होत नाही. मग नातवाचा फोटोही धूसर दिसतो आणि तो मुद्दाम दाबून उतरवावा लागतो. ग्रुपच्या माहितीत Media visibility नावाची सोय आहे, तिने त्या ग्रुपची नवी चित्रे गॅलरीत दिसायची थांबतात. ती फोनमध्ये उतरतात मात्र तशीच, जागा वाचत नाही. आणि यातल्या कोणत्याही उपायाने सहा चाळीसचा मेसेज वर येत नाही, कारण धूसर चौकोनही पडद्यावर तेवढीच जागा अडवतो.

म्हणून हा प्रश्न ग्रुपच्या पातळीवरच सुटेल, आणि तिथे तुमच्या हातात नेमके काय आहे ते पाहू. मेंबरांना लिहू द्यायचे पण चित्रे टाकू द्यायची नाहीत, अशी सोय ग्रुप सेटिंगमध्ये नाही. Group permissions मध्ये मेंबरांना मेसेज पाठवू देण्याचे बटण आहे, ते बंद केले की फक्त ॲडमिन लिहू शकतात. हे बटण कायमचे बंद करू नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. काही सोसायट्यांनी तसे केले आणि ग्रुप शांतही झाला, पण दारातले पाणी पाहणाऱ्याचे तोंडही त्यातच बंद झाले. पुराच्या रात्री अफवा उसळल्या तर तासाभरासाठी ते वापरावे, आणि पुन्हा केव्हा उघडणार ते त्याच मेसेजमध्ये लिहावे. Disappearing messages चालू केले की चित्रे ठरलेल्या मुदतीने जातात हेही कोणी सुचवेल. पण त्याच मुदतीत टँकरवाल्याचा नंबर आणि पंचनाम्याचे फोटोही जातील, म्हणून तेही नको.

त्यापेक्षा सोपा मार्ग हजेरीचा आहे. सकाळची चित्रे का येतात याचा जरा विचार केला तर कळते की पुष्कळांसाठी ती हजेरी असते. एकट्या राहणाऱ्या आजींचे चित्र रोज सहाला येते आणि एखाद्या दिवशी आले नाही तर शेजारीण जाऊन दार वाजवते. ही गोष्ट मोलाची आहे आणि ती चित्रांबरोबर जाता कामा नये. म्हणून रोज सकाळी सहा वाजता तुमच्यापैकी एकाने एकच लिहिलेला मेसेज टाकावा. त्यात नमस्कार असावा, आयर्विन पुलाची पातळी असावी, आणि नळाला पाणी सोडण्याच्या वेळेत किंवा लाइटमध्ये बदल असेल तर तोही असावा. पाऊस नसेल तेव्हा नुसता नमस्कार आणि तारीख पुरे. बाकी सगळ्यांनी त्या मेसेजवर बोट दाबून धरून हात जोडल्याची खूण द्यावी. अशी खूण दिली की नोटिफिकेशन फक्त मूळ मेसेज लिहिणाऱ्याला जाते, बाकीच्यांचा फोन वाजत नाही. शंभर जणांनी नमस्कार केला तरी पडद्यावर एकच मेसेज राहतो. त्या खुणेवर दाबले की कोणी कोणी दिली त्यांची यादी उघडते, म्हणजे आजींची हजेरीही लागते. साडेआठपर्यंत ज्या एकट्या राहणाऱ्यांची खूण दिसली नाही त्यांना फोन करण्याचे काम आमच्यापैकी दोघे आनंदाने घेतील.

वयस्कर मंडळींना ही खूण द्यायला शिकवावे लागेल. तिथे एक चूक हमखास होते. मेसेजवर बोट दाबून धरल्यावर वर छोट्या चेहऱ्यांची ओळ येते, पण बोट लवकर उचलले तर ती येत नाही. सेकंदभर धरून ठेवायचे, ओळ आली की हात जोडलेले चित्र दाबायचे. ते ओळीत नसेल तर शेवटचे अधिकचे चिन्ह दाबून एकदा शोधायचे. हे लिहून सांगण्यापेक्षा शेजारी बसून दोनदा करून दाखवलेले बरे.

आणि ज्यांना फुले, सुविचार, भजनाचे व्हिडिओ पाठवायला खरोखर आवडतात त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप काढावा. त्याला ‘सकाळचा कट्टा’ असे काहीतरी छान नाव द्यावे. त्यात कोणालाही परस्पर घालू नये, लिंक द्यावी आणि ज्याची इच्छा असेल त्याने यावे. कम्युनिटी तयार करून हे दोन्ही ग्रुप तिच्याखाली ठेवता येतात. पण आपल्या गल्लीएवढ्या कारभाराला दोन साधे ग्रुप पुरतात असे आमचे मत आहे. कम्युनिटीत घोषणांचा तिसरा ग्रुप आपोआप येतो, आणि कुठे लिहायचे यातच लोकांचा गोंधळ होतो.

सूचना कशी द्यायची याचा मसुदा खाली देतो, हवा तसा बदला :

‘सर्वांना नमस्कार. पावसाळ्यात महत्त्वाचा निरोप कोणाचाही चुकू नये म्हणून आपल्या या ग्रुपवर 1 जूनपासून फॉरवर्ड केलेली शुभेच्छांची चित्रे आणि व्हिडिओ थांबवत आहोत. रोज सकाळी सहाला ॲडमिनचा नमस्काराचा मेसेज येईल, त्यावर हात जोडून हजेरी लावावी. चित्रांसाठी सकाळचा कट्टा सुरू केला आहे, लिंक खाली आहे. पाणी, लाइट, रस्ता, आजारपण, हरवले-सापडले यांबद्दल कोणीही केव्हाही लिहावे, फोटोही टाकावेत. फोटो टाकताना जागा आणि वेळ लिहावी.’

हा मेसेज टाकल्यावर तो दाबून धरून Pin करा आणि मुदत 30 दिवसांची निवडा. सात दिवसांची निवडली तर जे पंधरा दिवसांतून एकदाच ग्रुप उघडतात त्यांच्या नजरेला तो पडेलच असे नाही. तोच मजकूर ग्रुपच्या वर्णनातही घाला, म्हणजे नंतर आलेल्या भाडेकरूंनाही कळेल. फोटोखाली जागा आणि वेळ लिहिण्याचा आग्रह मात्र सोडू नका. जुन्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात पुन्हा फिरतात, आणि तारीख नसलेल्या फोटोवरून 2019 चे पाणी की आजचे, हे कोणालाच सांगता येत नाही. एखाद्या मेसेजवर दोन बाणांची खूण आणि ‘Forwarded many times’ असे दिसले तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे, थेट गल्लीतल्या माणसाने लिहिलेला नाही, एवढे समजावे.

पहिल्या आठवड्यात चित्रे येतच राहतील, कारण हात सवयीने चालतो. कोणी चित्र टाकले तर ग्रुपवर काही लिहू नका. त्यांना एकट्यांना मेसेज करा, किंवा त्याहून चांगले म्हणजे फोन करा. ॲडमिन म्हणून तुम्हाला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण त्या जागी तो ॲडमिनने पुसल्याची ओळ सगळ्यांना दिसते. न सांगता असे झाले की मोठी माणसे दुखावतात आणि ग्रुप सोडून जातात. पुराच्या वेळी नेमकी तीच माणसे ग्रुपवर असायला हवीत. म्हणून आधी फोन, आणि पुसायचे झाले तर त्यांना सांगून. पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, तेव्हा घाईचे कारण नाही.

सणावाराचे काय, हा प्रश्न येणारच. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी या दिवशी ग्रुपतर्फे एकच शुभेच्छा ॲडमिनने द्यावी आणि बाकीच्यांनी तिच्यावर खूण द्यावी. गल्लीतल्या गणपतीचे, हळदीकुंकवाचे, मुलांच्या बक्षिसाचे फोटो खुशाल यावेत, ते आपले आहेत. दुःखाची बातमी आली तर त्या दिवशी दुसरे काहीही टाकू नये. अंत्ययात्रेची वेळ लिहिलेला मेसेज दिवसभर शेवटचा दिसत राहायला हवा.

एक भीती मात्र पसरवू नका. शुभ सकाळच्या चित्रात व्हायरस असतो असे सांगून लोकांना थांबवायचा मोह होईल. साध्या चित्राने सहसा तसे होत नाही, आणि हे खोटे कारण उघडे पडले की खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. धोका असतो तो .apk ने संपणाऱ्या फाइलींचा, ज्या लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येतात. तशी फाइल आली तर ती मात्र न विचारता लगेच पुसा आणि मगच पाठवणाऱ्याला फोन करा. बहुतेक वेळा त्याचा फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

आतापर्यंत साठलेली चित्रे काढायला Settings, Storage and data, Manage storage इथे जावे. तिथे खालच्या यादीत आपला ग्रुप दिसेल आणि त्याने किती जागा घेतली तेही दिसेल. आधी कामाचे फोटो निवडून गुगल फोटोत किंवा घरच्या कोणाकडे पाठवून ठेवावेत, मग बाकीचे पुसावेत. वर ‘Forwarded many times’ असा वेगळा गठ्ठा दिसतो, त्यात फुलेच जास्त असतात, म्हणून सुरुवात तिथून केली तर काम हलके होते. तरी तोही एकदा नजरेखालून घालावा.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही काहीजण गल्लीतल्या गणपती मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना हजेरीची खूण देणे शिकायचे आहे किंवा फोन मोकळा करून हवा आहे त्यांनी फोन पूर्ण चार्ज करून आणि जमल्यास घरातले एक तरुण माणूस बरोबर घेऊन यावे. बॅकअपसाठी गुगल खात्याचा पासवर्ड लागू शकतो, तो आठवून ठेवावा, पण तो आम्हाला किंवा कोणालाही सांगू नये, स्वतःच टाकावा. ही सूचना तुम्ही ग्रुपवर टाकलीत तर बरे होईल, आम्ही टाकली तर ती सकाळच्या चित्रांखाली जाईल.

तुमचा होकार आला की कट्ट्याच्या ग्रुपची लिंक आम्ही तयार करून तुमच्याकडे पाठवतो.

आपले,
गल्लीतील काही मेंबर